बाळंतिणीचं पाणी

माझी मुलगी जन्मली तेव्हा परदेशातल्या आमच्या किचनर शहरात जानेवारीची थंडी होती. आमच्या टाउनहाउसच्या दारात बर्फ साचायचा, तो माझा नवरा सकाळी ऑफिसचं लॉगिन करण्याआधी फावड्याने बाजूला करायचा. आत हीटिंगमुळे हवा इतकी कोरडी असायची की ओठ फुटायचे. आई कऱ्हाडहून आली होती. पोस्टात कारकून म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली, बाबांच्या मागे एकटी राहणारी. आयुष्यातला पहिला विमानप्रवास तिने केवळ माझ्या बाळंतपणासाठी केला होता. येताना तिने डिंकाचे लाडू, बाळंतशोपा आणि मऊ सुती लुगड्यांचे तुकडे आणले होते. बाकीचं काय काय विमानतळावर काढून घेतलं याचं दुःख ती आठवडाभर सांगत होती.

बाळंतपण नॉर्मल झालं. टाके पडले, खाली फाटलं होतं ते मधल्या प्रतीचं, असं मिडवाइफ म्हणाली. इथे गरोदरपणापासून मी मिडवाइफकडेच जात होते. हॉस्पिटलात बाळंतपणही तिनेच केलं आणि घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात तपासायला तीच घरी येणार होती. रक्त बरंच गेलं म्हणून मला लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. शिवाय शौचाला मऊ व्हावी म्हणून पाण्यात विरघळवून घ्यायची एक पावडर सुचवली होती. ती औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. नवऱ्याने घरी येतानाच ती आणली आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली.

आईने डबा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "हे कसलं?"

"पोट साफ व्हायचं औषध आहे, आई," नवरा म्हणाला. "रोज घ्यायला सांगितलंय तिला."

"जुलाबाचं औषध? अंगावर पाजणाऱ्या बाईला? अहो, ते दुधातून बाळाच्या पोटात जाईल. एवढासा जीव तो." आणि डबा वरच्या कपाटात गेला.

खरं तर मलाही तेच वाटलं होतं. बाळ जेमतेम स्तनाला लागायला शिकत होतं. त्याच्या तोंडात माझ्याकडून काही वेगळं जाऊ नये, एवढीच मला काळजी होती. आणि आई स्वयंपाकघरात आल्यावर मला इतकं सुटल्यासारखं झालं होतं की कुठल्याच गोष्टीवर वाद घालायची इच्छा नव्हती. ती करेल ते खायचं, ती देईल ते प्यायचं.

ती प्रेमाने करत होती. तूपभात, लाडू, खसखशीची खीर. पण पालेभाजी नाही, बाळाला बाधेल. फळ नाही, थंड पडेल. डाळीचं नुसतं वरचं पाणी. आणि पाणी म्हणजे ओवा घालून उकळलेलं, तेही घोट घोट. "बाळंतिणीने ढसाढसा पाणी प्यायलं की पोट सुटतं, मग ते कधी आत जात नाही," असं ती म्हणायची. बाळ दूध ओढायला लागलं की माझ्या घशाला कोरड पडायची. मी शेजारच्या वाटीतलं ते तीन घोट ओव्याचं पाणी प्यायचे आणि पुढच्या वाटीची वाट बघायचे.

घरी आल्यावर मला पहिल्यांदा शौचाची भावना झाली, तेव्हा मी वॉशरूममध्ये जाऊन बसले आणि जरा जोर दिला. खाली टाक्यांच्या जागी असा ताण आला की मला वाटलं आता सगळं उसवणार. डोळ्यांसमोर चित्रच उभं राहिलं. मी हात आधाराला भिंतीवर ठेवला, घाम फुटला, आणि मी उठले. भावना गेली. मला त्या वेळी सुटका झाल्यासारखं वाटलं. त्यानंतर दर वेळी भावना झाली की मी ती दाबायला लागले. पाय जवळ घ्यायचे, श्वास धरायचा, थोडं थांबायचं. ती परत जायची.

ती जाते म्हणजे कुठे जाते, हा विचार मी इंजिनियर असूनही केला नाही. आत थांबलेल्या मळातलं पाणी आतडं शोषून घेत राहतं. तो जितका जास्त थांबेल तितका दगडासारखा होतो. मी जितकी घाबरत होते तितकं ते भीतीदायक होत चाललं होतं. वर लोहाच्या गोळ्या, वर पाणी नाही, वर पोटात पालाभाजी म्हणून काही जात नाही.

मिडवाइफ घरी आली तेव्हा तिने बाळाचं वजन केलं, माझं पोट चाचपलं, टाके पाहिले. ते छान भरत होते. मग सहज विचारलं, "पोट साफ झालं का?"

"अजून नाही."

"पावडर घेतेस ना?"

"आईला वाटतं दुधातून बाळाला जाईल."

तिने मान डोलावली. हा प्रश्न तिला नवा नसावा. "ती पावडर तुझ्या रक्तात जवळजवळ उतरतच नाही. आतड्यात राहते आणि तिथेच पाणी धरून ठेवते. मग दुधात जाणार काय? बाळाला पाजताना ती चालते. आजपासून घे, आणि बाळाला पाजशील तेव्हा दर वेळी मोठा ग्लासभर पाणी जवळ ठेव. तहान लागेल तेवढं पी."

आई कोपऱ्यात बाळाचे कपडे घड्या करत बसली होती. इंग्रजी तिला वाचता येतं, पण एवढ्या भराभर बोललेलं कळत नाही. मिडवाइफ गेल्यावर तिने विचारलं. मी सगळं सांगितलं. तिने घड्या करायचं थांबवलं नाही. "इथल्या बायकांचं वेगळं असतं गं. त्या दुसऱ्या दिवशी गाडी चालवतात. आपलं शरीर तसं नाही."

तरी त्या दिवशी मी पावडर घेतली. ती अर्ध्या कप पाण्यात घेतली, कारण तेवढंच मिळालं. आणि ती लगेच काम करत नाही, एक-दोन दिवस, कधी तीन दिवसही लागतात, हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी काहीच झालं नाही म्हणून मी निराश झाले. त्यानंतर मात्र एक विचित्र गोष्ट घडली. माझ्या कपड्याला पातळ डाग लागायला लागले. न कळत, न विचारता. पोटात कळा यायच्या आणि थोडंसं पाणी गळायचं.

"बघ," आई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "लागले ना जुलाब? म्हटलं होतं मी." तिने डबा पुन्हा कपाटात ठेवला आणि माझं पाणी आणखी कमी केलं. तिने मला ताकही न देता नुसता मऊ भात दिला. जुलाब झालेल्या माणसाला देतात तसा.

ते दोन दिवस मला आजही नीट आठवत नाहीत. आठवतं ते एवढंच की मला बसता येत नव्हतं. पोट नगाऱ्यासारखं झालं होतं. गुदद्वाराशी सतत एक गोळा दाबल्यासारखा वाटायचा आणि टाके त्यावर ओढले जायचे. मी कुशीवर पडून बाळाला पाजायचे. ते माझ्याकडे बघायचं, म्हणजे त्या वयात बघतात तितकंच, आणि मी मात्र भिंतीकडे बघत कळ जायची वाट पाहत असायचे. पुढे पुढे मी जेवणच टाळायला लागले. आत काही गेलंच नाही तर बाहेर काही येणार नाही, असं माझं गणित होतं.

शेवटी नवऱ्याने मला विचारलंही नाही. दुपारी मीटिंग अर्धवट टाकून वर आला, मला पाहिलं आणि मिडवाइफला फोन लावला. तिने ऐकून घेतलं. "पातळ येतंय, पण नीट शौचाला झालेलीच नाही?" तिने दोनदा विचारलं. "उलट्या? ताप? वारा सरतोय का?" उलटी नव्हती, ताप नव्हता, वारा थोडा सरत होता. "मग आत्ता क्लिनिकमध्ये घेऊन या. बाळालाही आणा."

आई म्हणाली, "मीही येते." आम्ही सगळे गाडीत बसलो. रस्त्यावर मीठ टाकलेला राखाडी बर्फ होता. मी मागच्या सीटवर एका कुल्ल्यावर टेकून, दाराला धरून बसले होते. बाळ शेजारी कार-सीटमध्ये झोपलेलं. प्रत्येक गतिरोधकाला आई पुढून नवऱ्याला म्हणायची, "हळू, जावईबापू, हळू."

मिडवाइफने मला तपासलं. आई पडद्याच्या आत माझ्या डोक्याशी उभी होती, मीच तिला ये म्हटलं होतं. मिडवाइफने आधी टाके पाहिले आणि त्याच क्षणी सांगितलं, "टाके शाबूत आहेत. एकही सुटलेला नाही." मी रडायला लागले. मग तिने माझी परवानगी विचारून हातमोज्याच्या बोटाने हलकेच तपासलं. आत अगदी खाली कडक मळ अडकून बसला होता.

"हे जुलाब नाहीत," ती म्हणाली. "हा घट्ट खडा वाट अडवून बसलाय आणि वरचं पातळ त्याच्या कडेने झिरपतंय. जुलाब समजून पाणी तोडलं की खडा आणखी घट्ट होतो."

मी आईला मराठीत सांगितलं.

मिडवाइफने डॉक्टरांना फोन करून विचारलं आणि ग्लिसरीनची एक मेणासारखी वळी आत ठेवायची ठरली. फाटलेलं गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेलेलं नव्हतं म्हणूनच ही वळी किंवा बोटाने तपासणं चालणार होतं. खोल फाटलं असतं तर असं काही स्वतःहून आत घालायचं नाही, हेही तिने बजावलं. लोहाची गोळी डॉक्टरांनी बंद केली नाही, एक दिवसाआड घ्यायला सांगितली. पावडर रोज आणि पूर्ण पाण्यात. जेवणात ओटमील, डाळ, भाज्या, नासपती, भिजवलेले सुके आलुबुखार, पण हळूहळू वाढवत आणि प्रत्येक वेळी पाण्याबरोबर. पाण्याशिवाय नुसता कोंडा वाढवला तर आणखी अडकेल.

"आणि जाताना?" मी विचारलं. "मला तिथे बसायचीच भीती वाटते."

तिने खोलीतलं एक छोटं पायठाणं, पाय टेकायचं बुटकं स्टूल, ओढून माझ्या पायाखाली ठेवलं. गुडघे कमरेच्या वर आले. "असं बस. पुढे झुक, कोपरं मांडीवर. स्वच्छ पॅड हातात घे आणि टाक्यांच्या जागी समोरून मागे असा हलका आधार दे. हाताखाली काही उसवत नाही हे तुला स्वतःलाच कळेल. श्वास रोखून जोर करायचा नाही. तोंड उघडं ठेव, हळू श्वास सोड. आणि भावना झाली की लगेच जा. थांबवू नकोस."

मी प्रत्येक वाक्य आईला सांगत होते. पॅडचं सांगताना माझा आवाज अडखळला. आई मला म्हणाली, "कळलं. बोल पुढे."

वळीने काही वेळातच काम केलं. क्लिनिकच्याच वॉशरूममध्ये, पायाखाली त्यांनी दिलेलं पायठाणं, हातात पॅड. दुखलं, ते खोटं कशाला सांगू. पण फाटल्यासारखं नाही. हाताखाली सगळं जिथल्या तिथे होतं, मी चाचपत राहिले, आणि ते निघून गेल्यावर बराच वेळ तशीच बसून राहिले. दाराबाहेर आई उभी होती हे मला तिच्या चपलांच्या आवाजावरून कळत होतं. तिने विचारलं नाही. मी आतून म्हणाले, "आई, झालं."

घरी परतल्यावर आईने ओवापाण्याची वाटी उचलली आणि त्या जागी घरातला सगळ्यात मोठा ग्लास कोमट पाण्याने भरून ठेवला. दर वेळी बाळ पाजायला घेतलं की तो भरलेला असायचा. तिने मेथीची भाजी केली, मुगाची उसळ केली, नवऱ्याला नासपती आणायला पाठवलं. पावडर तिनेच ढवळून द्यायला सुरुवात केली. पूर्ण कप पाणी घ्यायची. थोड्याच दिवसांत शौच मऊ व्हायला लागली, माझी भीतीही हळूहळू मऊ झाली. बाळाला काहीही झालं नाही. त्याची शी होती तशीच पिवळी राहिली, दूध होतं तेवढंच राहिलं.

त्यानंतरच्या एका दुपारी मी कोमट पाण्याच्या टबात कंबर शेकून आले. आई बाळाला मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसली होती. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "तुझ्या वेळी मलाही टाके पडले होते."

मला हे माहीत नव्हतं.

"तुझ्या आजीने पाणी बंद केलं होतं. माझ्या सासूने. तिचा दोष नाही, तिलाही कुणी दिलं नव्हतं. मीही घाबरून धरून ठेवलं, तुझ्यासारखंच. मग एकदा जोर केला तेव्हा मागे चिरलं. रक्त आलं. मी कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? आणि कुणाला?"

"मग?"

"मग काही नाही. ते कधी पुरतं भरलंच नाही. भरतं, परत चिरतं."

मी तिच्याकडे बघत राहिले. माझी आई सगळ्यांच्या आधी, अंधारात उठायची. आम्हाला वाटायचं ती कामाची आहे म्हणून उठते. ती कुठल्या लग्नाला मुक्कामाला जायची नाही, "मला दुसऱ्याच्या घरी झोप येत नाही" म्हणायची. पोस्टातल्या बायकांची सहल निघायची, ती वर्गणी द्यायची आणि जायची नाही. बाबांना फिरायची फार हौस. ते मित्रांबरोबर काश्मीरला गेले, केरळला गेले. परत आल्यावर तिला फोटो दाखवायचे आणि ती कौतुकाने बघायची. आम्ही म्हणायचो, आईला घरच आवडतं. बाबाही तेच म्हणायचे. शेवटच्या आजारपणातही ते म्हणाले होते, "तुला एकदा कुठे नेलं नाही मी." ती म्हणाली होती, "मला कुठे आवडतं?"

"तू बाबांनाही सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

"त्यांना काय सांगायचं ते? मला वाटलं, बाईचं असंच असतं. बाळंतपणानंतर असंच होतं सगळ्यांचं." बाळाच्या पायातला मोजा निघाला होता, तो तिने घातला. "त्या दिवशी ती बाई तुला पायाखाली पायठाणं देऊन कसं बसायचं ते दाखवत होती ना, तेव्हा मला वाटलं, एवढंच होतं? एवढंसंच?"

त्या क्षणी मला आजीचा राग यायला हवा होता, किंवा आईचा, माझं पाणी तोडल्याबद्दल. कुणाचाच आला नाही. तिने मला जे दिलं तेच तिच्यापाशी होतं.

काही दिवसांनी पावडर संपली तेव्हा आई माझ्याबरोबर औषधाच्या दुकानात आली. काउंटरमागच्या फार्मसिस्टला मी माझं सांगून झाल्यावर आईने माझी बाही ओढली. "विचार, मला पण चालेल का."

फार्मसिस्टने आईकडे पाहून शांतपणे विचारलं, त्रास किती वर्षांचा, रक्त जातं का, वजन कमी झालंय का. मी भाषांतर करत होते आणि आई दर उत्तराला आधी आजूबाजूला कुणी आहे का ते बघत होती. तो म्हणाला, औषध बहुतेकांना चालतं, पण इतक्या वर्षांचा त्रास आणि रक्त असेल तर आधी डॉक्टरांनी तपासायला हवं, नुसती पावडर घेऊन घरी बसू नका. आईने मान हलवली. बाहेर पडल्यावर म्हणाली, "चांगला होता. हसला नाही."

तिचा परतीचा दिवस जवळ आला होता. इथे तपासण्या करायच्या म्हणजे इन्शुरन्सचे प्रश्न होते. ती म्हणाली, तिकडे जाऊनच दाखवते. मला खात्री नव्हती, पण ती खरंच गेली. साताऱ्यातल्या एका बाई डॉक्टरांकडे. जुनी चीर होती, मूळव्याध होती, आणि बाळंतपणात सैल पडलेले स्नायू कधी पूर्ववत झाले नव्हते. आतड्याची तपासणीही झाली, तिथे वाईट काही निघालं नाही. मऊ करायचं औषध, लावायचं मलम आणि स्नायूंचे व्यायाम सुरू झाले. डॉक्टर म्हणाल्या, बराच फरक पडेल, सगळा पडेल असं सांगता येणार नाही. लवकर आला असतात तर, हे त्या बोलल्या नाहीत असं आई म्हणते. पण तिला ते ऐकू आलं असावं.

आता व्हिडिओ कॉलवर ती सांगते की बरं आहे. मागच्या महिन्यात ती भजनी मंडळाबरोबर गणपतीपुळ्याला एका रात्रीच्या मुक्कामाला जाऊन आली. तिथल्या खोलीत नीट पायठाणं नव्हतं म्हणून तिने बादली उलटी ठेवली, हे तिने मला हसत सांगितलं. समुद्राचे फोटो पाठवले. मी ते बघत होते तेव्हा मला बाबा आठवत होते. कुणाला तरी दाखवायला घरी आणलेले त्यांचे ते फोटो.

माझी मुलगी आता धावते. तिचे पहिल्या पंधरवड्याचे फोटो कधी काढून बसले तर एक गोष्ट लक्षात येते. नवरा बसलाय, आई बसलीय, बाळ कुणाच्या तरी मांडीवर आहे. मी प्रत्येक फोटोत उभी आहे, एक हात भिंतीवर, आणि बाळाकडे बघत नाहीये. ते दिवस पुन्हा मिळणार नाहीत. ती मूठ वळून झोपायची असं नवरा सांगतो. मी ते ऐकते, आणि मला ते आठवल्यासारखं वाटायला लागलंय, पण ते मी पाहिलेलं नाही.